जे-ताईंची लाट

आमच्या भूकंप वेधशाळेत त्यांना सगळे जे-ताई म्हणत, आणि त्यामागे प्रेमापेक्षा टिंगल जास्त होती. मला त्या टिंगलीचा तेव्हाही संताप यायचा. एक माणूस आयुष्यभर एका गोष्टीच्या मागे लागतो आणि ज्यांना दुपारच्या डब्यापलीकडे कशाचीच ओढ नाही ते त्याला नावं ठेवतात, याइतकं ओंगळ दुसरं काही नसेल. "जे न देखे रवि, ते देखे ताई!" असं म्हणून आमचे साहेब, म्हणजे वेधशाळेचे संचालक, स्वतःच खो-खो हसत. त्यांच्यामागे मग सगळी खोली हसायची.

'जे' हे एका लाटेचं अक्षर आहे. भूकंप झाला की दोन तऱ्हेच्या लाटा जमिनीच्या पोटातून निघतात. पहिली, पी, ढकलत जाते. रांगेत मागच्याने धक्का दिला की तो पुढच्यापर्यंत पोचतो तशी. ती दगडातून जाते, द्रवातूनही जाते. दुसरी, एस, आडवी हलवत जाते आणि मागाहून पोचते. तिला घन पदार्थच लागतो. द्रव लागला की तिचा खेळ खलास. मोठ्या भूकंपाची एस पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला सरळ कधीच उमटत नाही. पृथ्वीच्या गाभ्याचा बाहेरचा थर वितळलेला आहे हे माणसाला तिच्या त्या गैरहजेरीवरून कळलं. कोणी आत जाऊन पाहिलेलं नाही.

पण त्या वितळलेल्या गाभ्याच्याही आत घन गोळा आहे. पी लाट द्रव ओलांडून त्या गोळ्यावर आदळली, की तिचा थोडासा अंश आडव्या लाटेत बदलतो, गोळ्यातून रमतगमत जातो आणि पलीकडे द्रवात शिरताना पुन्हा पी होऊन आपल्यापर्यंत येतो. गोळ्यातल्या त्या आडव्या प्रवासाचं अक्षर जे. गोळा घन आहे हे दुसऱ्या मार्गांनी कळलेलं आहे. पण ही लाट इतकी क्षीण, की ती दिसली म्हणणाऱ्यांवर बाकीच्यांनी कधी पुरता विश्वास ठेवला नाही. ताईंना ती निर्विवाद पकडायची होती. त्यांचे यजमान म्हणायचे, "आमची ही घरात कमी, पृथ्वीच्या पोटात जास्त." ते मात्र कौतुकाने म्हणायचे.

आणि एकदा ती सापडली.

पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, खूप खोल, मोठा भूकंप झाला. गोळ्यातून सरळ आलेली पी आमच्या सगळ्या केंद्रांवर उमटली. तिच्यामागून काही मिनिटांनी जे यायला हवी होती. ताईंनी सगळ्या केंद्रांच्या नोंदी गणिताने हव्या तितक्या सरकवून एकमेकींवर रचल्या आणि बेरीज केली. बरोबर त्या वेळेला एक उंचवटा उठला. तोही खालून, जवळपास उभ्या दिशेने आलेला. ताई खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "तू बघ रे एकदा. माझा माझ्यावर विश्वास नाही." मी बघितलं. उंचवटा होता.

साहेबांना कळायचा अवकाश! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. लगेच पत्रकार परिषद ठरली, हॉलला रंग लागला, शुभेच्छांचा केक आला. एरवी ताईंच्या टेबलाकडे ढुंकून न बघणारे लोक त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढू लागले. साहेब म्हणाले, "मॅडम, आपण या लाटेला तुमचंच नाव देऊ." ते बोलताना त्यांच्या ओठाला क्रीम लागलेलं होतं.

ताई मात्र केक न खाता विचारात पडल्या होत्या. आमच्या या धंद्यात एक फसगत आहे, ती बाहेरच्याला सुचायची नाही. मोठ्या भूकंपामागोमाग त्याच जागी छोटा भूकंप झाला, तर त्याची सरळ आलेली पीसुद्धा खालूनच, तशीच उभी येणार. तो नेमका जेच्या वेळेशी जुळला तर? दोघींच्या येण्याच्या कोनात थोडा फरक असतो, पण आमचं केंद्रांचं जाळं इतकं लहान, की तो आम्हाला दिसणारच नाही. भूकंपांच्या जागतिक यादीत असा काही धक्का नव्हता. पण मोठ्या धक्क्याची थरथर कितीतरी वेळ चालते. छोटा त्या शेपटाखाली बुडून गेला असेल, तर यादीत येणार कसा?

म्हणून त्यांनी भूकंपाच्या अगदी जवळ असलेल्या एका केंद्राकडे त्याची मूळ नोंद मागितली. ती यायला वेळ लागणार होता. ताई आमच्या साहेबांना म्हणाल्या, "तोवर परिषद पुढे ढकला. तिथे जर काही निघालं, तर ही लाट नाही."

"आणि नाही निघालं तर? दुसरं कोणी आधी छापेल! मॅडम, शंका घरी ठेवा."

परिषदेच्या आदल्या दुपारी नोंद आली. मी त्यांच्या मागेच उभा होतो. त्यांनी संथ थरथर गाळून टाकली, जलद तेवढी ठेवली. शेपटातून एक छोटी टोकदार पी वर आली आणि तिच्यामागे तिची एस. त्या दोघींमधलं अंतर मोठ्या भूकंपाच्या पी आणि एसमधल्या अंतराएवढंच होतं. म्हणजे जागा तीच, आणि वेळही नेमकी जुळत होती. आमचा उंचवटा तिथूनच निघालेला होता.

ताईंनी तो आलेख छापून घेतला. मग म्हणाल्या, "चल, सांगून येऊ."

साहेबांनी त्या छापील आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. "एका केंद्रावरून काय ठरतं? आधी जाहीर करू, मग बघू."

"मग माझं नाव काढा."

"काढतो," ते म्हणाले, आणि खरोखरच काढलं. परिषद झाली, टाळ्या पडल्या, लेख छापला गेला. मी त्या हॉलमध्ये बसलो होतो आणि माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं मला वाटत होतं.

पुढे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी तीच जवळची नोंद तपासली, तोच छोटा भूकंप काढला आणि चारचौघांत आमचे कपडे उतरवले. मग साहेबांनी खुलासा छापला. त्यात काढून टाकलेलं नाव परत आलं होतं: मोजणी ताईंची होती आणि 'विश्लेषकाच्या नजरचुकीमुळे' हे घडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तो कागद घेऊन ताईंच्या घरी गेलो. तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, मी साक्ष देतो, आपण लढू.

ताई शांतपणे वाचत होत्या. यजमान चहा घेऊन आले आणि तसेच उभे राहिले.

"नजरचूक म्हणाले, म्हणू देत," त्या म्हणाल्या. "पण खालचं वाचलंस का? 'अशा शोधासाठी यापुढे केंद्रांचा वेळ देण्यात येणार नाही.'"

"म्हणजे तुमचं काम बंद?"

"प्रश्न माझा नाही रे. ती लाट आहे. अजून येतेय, प्रत्येक मोठ्या भूकंपाला येतेय. आता खरी जरी कोणी दाखवली, तरी लोक आधी हसणार. बदनामी माझी झाली असती तर चाललं असतं. बदनामी तिची झाली."

मग त्यांनी तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांच्या टिंगलीत न रडलेली ती बाई माझ्यासमोर ढसाढसा रडली, आणि यजमानांच्या हातातला चहा गार होत राहिला.