अकरा नंबरच्या बाई

त्या रात्री मी महाराजांवर भयंकर चिडले होते, हे आधी कबूल करते. नाहीतर पुढचं सगळं गोडगोड वाटेल, आणि ते तसं नव्हतं. तीस वर्षं नित्यनेमाने पोथी वाचते, गुरुवार सोडत नाही, आणि आमच्या यांना संध्याकाळी जेवता जेवता रक्ताची उलटी व्हावी? गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या घेत होते, त्याही माझ्या मते फार नाही. घरून रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा शर्ट लाल झाला होता. मुलगा पुण्यात, तो सकाळपर्यंत येणार. मी एकटी. डॉक्टर म्हणाले, जठरात जखम आहे, हिमोग्लोबिन सहावर आलंय, रात्रभर बघावं लागेल. यांना आयसीयूत नेलं, मला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

प्रतीक्षा कक्ष म्हणे. भोकाभोकांच्या पत्र्याच्या खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे शेजारच्याने कूस बदलली की आपणही हलायचं. एकाच सॉकेटला पाच मोबाइल लटकलेले. भिंतीवर ‘शांतता राखा’ आणि त्याखालीच टीव्हीवर मसाल्याची जाहिरात. घड्याळात साडेअकरा वाजले होते. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिलं तर अकरा पस्तीस. पंख्याचं एक पातं वाकडं होतं, ते दर फेऱ्याला टकटक करायचं, आणि मी त्या टकटकीवर संतापून बसले होते. दुसऱ्या कोणावर संतापणार?

तिथे कोणाला नाव नसतं. बेडचा नंबर हेच नाव. मी ‘सात नंबरवाल्या’. माझ्या बाजूच्या बाई अकरा नंबरच्या. मंगळवेढ्याकडच्या, माझ्याच वयाच्या, हिरवं लुगडं, पायाशी भाकरीचं गाठोडं. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यात रक्तस्राव झालेला, तिसरा दिवस. स्पीकर बिघडला होता, म्हणून आतून काही हवं असलं की रखवालदार दार किलकिलं करून नंबर पुकारायचा. दोनदा पुकारायचा आणि दार लावून घ्यायचा. औषधांची चिठ्ठी असो, सही असो, रक्त असो, ऐकायला माणूस जागा पाहिजे. हे मला त्या बाईंनीच सांगितलं. मी मान डोलावली आणि पिशवीतून पोथी काढली.

आमच्याकडे वळण असं की अध्याय सुरू केला की मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. सासूबाईंनी घालून दिलेलं. मधेच सोडला तर वाचलेलं वाया जातं, असं त्या म्हणायच्या. मी तर त्या रात्री संकल्पच सोडला होता: अध्याय पुरा होईल तेव्हा यांचं रक्त थांबलेलं असेल. देवाला अट घातली होती म्हणा ना.

शेवटची दोन पानं राहिली होती तेव्हा दार वाजलं. “सात नंबर.” मी ऐकलं. हो, नीट ऐकलं. मनात म्हटलं, दोनच पानं आहेत, पुन्हा बोलावतील. “सात नंबर, कोण आहे?” मी ओळीवर बोट ठेवून तशीच वाचत राहिले. दार लागलं. घड्याळ बघायचं टाळलं आणि वाचत राहिले, पण अक्षरं पुढे सरकेनात. एकच ओवी चार-पाचदा वाचली.

अकरा नंबरच्या बाई पाणी भरायला खाली गेल्या होत्या. त्या परत आल्या, कोणीतरी त्यांना काहीतरी सांगितलं, आणि पुढच्या क्षणी माझ्या हातातली पोथी गेली. सरळ ओढून घेतली. “अवो, तुमचा नंबर पुकारून गेला की! हितं काय बसलाय?”

मला भयंकर राग आला. अध्याय मोडला. अपशकुन झाला. मी पोथीकडे हात केला, तर त्यांनी ती पदराखाली धरली. “द्येव कुटं पळून जातोय व्हय? मानूस आत हाय. उटा आदी.”

मी उठले, तणतणतच. दारावर थाप मारली. परिचारिका बाहेर आली ती माझ्यावरच ओरडली. “मावशी, वीस मिनिटं झाली फॉर्म भरून पडलाय! दोन पिशव्या रक्त लागतंय, प्रेशर घसरतंय त्यांचं.” तिने माझ्या हातात रक्ताच्या नमुन्याची नळी आणि फॉर्म दिला. नळीवरच्या चिठ्ठीवर यांचं नाव, बेडचा नंबर. रक्तपेढी दोन गल्ल्या सोडून. मी तशीच जिन्याकडे वळले. मागून आवाज आला, “तुमी जावा. तुमचा नंबर आला तर मी हाय ऐकायला.”

रक्तपेढीतल्या माणसाने नळीवरचं आणि फॉर्मवरचं नाव दोनदा ताडून पाहिलं. म्हणाला, “जुळवून बघायला पाऊण तास तरी लागेल, घाई करता येत नाही.” त्या पाऊण तासात मी बाकावर बसून महाराजांशी जेवढी भांडले, तेवढी नवऱ्याशी कधी भांडले नाही. स्पीकर दुरुस्त करायला या दवाखान्यावाल्यांना काय होतं? दोनदाच का पुकारायचं? आणि तुम्ही, तुमच्यासाठीच तर बसले होते ना मी? हे विचारता विचारता माझाच आवाज ऐकू यायला लागला. वीस मिनिटं. ती ना रखवालदाराने घालवली होती, ना महाराजांनी.

थर्माकोलच्या डब्यात पिशव्या घेऊन धावत आले. दोन परिचारिकांनी पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचून पुन्हा जुळवला, मग आत नेलं. पहाटे दुर्बिणीने तपासायची सही घेतली. साडेपाचला डॉक्टर म्हणाले, “जखम बंद केलीय. प्रेशर सावरलंय. रक्त आणखी उशिरा आलं असतं तर अवघड होतं.” मी रडले नाही. त्या बाईंना सांगायला वळले, तर त्या गाठोड्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच म्हणे.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. “अकरा नंबर.” रखवालदार हळू बोलला, आणि त्याच्यामागे डॉक्टर स्वतः उभे होते. चिठ्ठीसाठी डॉक्टर येत नाहीत, एवढं एका रात्रीत मला कळलं होतं. त्यांना उठवायचं काम माझ्याकडे आलं. मला ते नको होतं. वाटलं, दोन मिनिटं झोपू दे बिचारीला. पण मी त्यांच्या खांद्याला हात लावला. “ताई, उठा. तुम्हाला बोलावलंय.”

त्या मला धरून आत गेल्या आणि मला धरूनच बाहेर आल्या. कागद, शववाहिका, गावाकडचे फोन, सगळं होईपर्यंत मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. महाराजांवर आता वेगळाच राग होता. माझा माणूस ठेवला, हिची बहीण का नेली? हिने तर कसली अटही घातली नव्हती. याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि कोणी समजावून सांगायला आलं तर मी ऐकून घेणार नाही. एवढंच कळतं की त्या रात्री माझ्याकडे कोणीतरी आलं होतं, माझा नेम मोडायला, आणि मी त्याच्यावर डोळे वटारले. महाराजांना मी रोज ‘जे कराल ते कबूल’ म्हणते, पण कबूल होतं ते फक्त माझ्या अटींवर. आता तसं म्हणताना जीभ अडखळते. तरी म्हणते.

गाडी आली. चढता चढता त्या थांबल्या, पदराखालची पोथी काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, “तुमच्या मालकाचं कसं हाय?”

बरे आहेत, हे सांगायची मला लाज वाटली. तरी सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “लई बरं झालं बगा.”