बाईंचा गुरुवारचा वर्ग

"पेन खाली ठेवा. आधी नुसतं बघा."

आमच्या मजल्यावरच्या बाई कोणत्याही गणिताची सुरुवात अशीच करत. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब तपासून घ्यायला मी एकदा त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी आधी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. मी कंपनीत कॉस्टिंग बघतो, आकड्यांवरच माझं घर चालतं. तरीही मुकाट बसून बघत राहिलो. चूक दिसली.

बाईंनी सगळी नोकरी मराठी शाळेत दहावीला गणित शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत बाईंचा दिवस काकांभोवती फिरू लागला. सकाळी आंघोळ घालायला एक मावशी येत. त्या गेल्या की बाईंना खाली फाटकापर्यंतही जाता येत नसे.

"दिवसभर मीच बोलते आणि मीच ऐकते," त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या. "कोणी 'कळलं नाही' एवढंसुद्धा म्हणत नाही हो."

त्यांच्या भाच्याने यूट्यूबवर चॅनल काढून दिलं आणि तो नोकरीला परगावी गेला. दोन उंच डबे, त्यांच्यावर आडवी फळ्याची लाकडी पट्टी, पट्टीला खाली तोंड करून बांधलेला मोबाइल आणि त्याखाली कागद, असा बाईंचा स्टुडिओ होता. व्हिडिओत फक्त त्यांचा हात दिसे. मधूनच कुकरची शिट्टी आणि काकांचा खोकला ऐकू येई.

पहिले सबस्क्रायबर आम्ही सोसायटीतलेच. अशा वेळी आपण काय करतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. व्हिडिओ उघडतो, अंगठा देतो आणि बंद करतो. लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात याचा आलेख चॅनलच्या मालकाला दिसतो. बाईंच्या आलेखाची रेघ अर्ध्या मिनिटातच तळाला जायची. "ही सगळी मागच्या दाराने पळतात," बाई म्हणत. मी आणि बायकोने एकमेकांची नजर चुकवली.

मग चाकणहून एक कमेंट आली. गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करणारी, लातूरकडची एक बाई. तिने लिहिलं होतं, "नववीनंतर शाळा सुटली. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. अपूर्णांकापासून सांगाल का?" सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. बाईंनी ती कमेंट मला दोनदा वाचून दाखवली आणि त्या दुपारपासून अपूर्णांकावर व्हिडिओंमागून व्हिडिओ केले.

त्या बाईने लिंक आपल्या लाइनच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेली, राजगुरुनगरच्या भाड्याच्या खोल्यांत गेली. आता आलेखाची रेघ शेवटपर्यंत आडवी जाऊ लागली. एखाद्या ठिकाणी तिला उंचवटा यायचा. लोक तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा बघत होते. बाई त्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणत, "इथे मी घाई केली." आणि तेवढाच भाग नव्याने शिकवत.

थेट वर्ग त्यांनी रविवारी ठेवला, तेव्हा कोणी आलं नाही. मी म्हटलं, बाई, चाकणच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. मग गुरुवारी दहाला, काकांची आंघोळ आणि पेज उरकली की वर्ग भरू लागला. व्हिडिओशेजारच्या चॅटमध्ये भराभर प्रश्न यायचे. "आमाला न्हाई कळलं, परत सांगा." बाई सगळ्यांना "मुलांनो" म्हणत. एकाने लिहिलं, "बाई, मला दोन नातवंडं हायेत." बाई म्हणाल्या, "मग त्यांच्या आधी पास व्हा." काकांनी पेज घेतली का, हेही चॅटमध्ये विचारलं जाई. बाई वळून काकांना सांगत, "तुमची चौकशी करतायत." काकांचा डावा हात थोडा उचलला जाई.

परीक्षा जवळ आली आणि एका गुरुवारी चॅट बंद झालं. जुन्या व्हिडिओंखालच्या कमेंटही दिसेनात. बाई पूर्ण वेळ शिकवत राहिल्या, एक शब्द परत आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्गात कोणी आहे की नाही हेच त्यांना कळेना. "आहात का?" असं त्या मध्येच कागदाकडे बघून विचारत, हे मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"गेली सगळी," त्या म्हणाल्या. "माझंच काही चुकलं असेल. म्हातारीला कोण सांगणार?" त्यांनी केस विंचरलेले नव्हते. मग अगदी हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात त्या म्हणाल्या, "भाऊ, काकांच्या झोपेच्या गोळ्या तुमच्या घरी ठेवाल का? रोजची तेवढी आणून द्यायची."

माझ्या बायकोने गोळ्यांची बाटली घेतली आणि त्यांच्याजवळ बसून राहिली. मी त्यांचा मोबाइल मागितला.

आलेख उघडला तर रेघ होती तशीच, आडवी. लोक शेवटपर्यंत बघत होते. मी ते बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आकडे मला शंका विचारत नाहीत."

मग एकेक सेटिंग उघडत गेलो आणि सापडलं. चॅनल मुलांसाठी आहे का, असा तिथे प्रश्न असतो. भाच्याने "नाही" निवडलं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांना खोटं लिहिल्यासारखं वाटलं आणि त्यांनी अख्ख्या चॅनलला "होय" केलं. लहान मुलांच्या चॅनलवर यूट्यूब कमेंट बंद करतं, थेट वर्गातलं चॅट बंद करतं, वर्गाची सूचना देणारी घंटीही बंद करतं.

"पण मुलंच आहेत ना ती," बाई म्हणाल्या.

"बाई, त्यातल्या निम्म्यांचा पीएफ कापला जातो."

त्या कसनुसं हसल्या. "नाही" त्यांनी स्वतःच्या बोटाने निवडलं.

गुरुवारी चॅट उघडताच वायरिंगवालीचा निरोप आला. "बाई, आमी इथंच होतो. घंटी वाजत न्हवती तर शोधून येत होतो. लिहायला जागाच न्हवती." पडद्यावर बाईंचा हात कागदावर तसाच राहिला, बराच वेळ हलला नाही. खाली ओळी येतच राहिल्या.

पुढचे काही गुरुवार छान गेले. गोळ्यांची बाटली मात्र बाईंनी परत मागितली नाही, आम्हीही दिली नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, स्वयंपाकघरात उभ्या असतानाच बाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. गुरुवारी घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. काकांना कुठे न्यायचं यावर पुढच्या खोलीत बोलणं चाललं होतं. मी आत काकांजवळ बसलो होतो. दहा वाजले आणि काकांनी मान वळवून स्टुडिओच्या डब्यांच्या दिशेला पाहिलं.

तेव्हा मला आठवलं. बाईंनी गुरुवारच्या वर्गाची वेळ यूट्यूबवर आधीच लावून ठेवलेली असायची. मी माझ्या मोबाइलवर चॅनल उघडलं. वर्ग सुरू होण्याची वाट पाहणाऱ्यांचा आकडा मोठा होता, कधी नव्हे एवढा, आणि वाढत होता. काळ्या पडद्याशेजारी चॅट चालू होतं. एकाने विचारलं, आवाज फक्त मलाच येत नाही का? दुसऱ्याने लिहिलं, नेट गेलं असेल त्यांचं. एकीने लसाविची शंका टाकली.

मी "बाई" एवढं लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. काका माझ्या मोबाइलकडे बघत होते. मी तो त्यांना दिसेल असा धरला.

वायरिंगवालीची ओळ वर सरकत आली. "बाई, घाई करू नका. काकांचं सगळं नीट उरका. आज सुट्टीच हाय, आमी थांबतो."