टपाल खिडकीवरचा शिक्का

कोर्टात त्याला सगळे मुंगळा म्हणत. एकदा चिकटला की सुटत नाही म्हणून. बेलिफाच्या नोकरीत त्याने चौतीस वर्षं समन्स पोचवली. कुणी आजारी पडल्याचं सोंग केलं, कुणी मागच्या दाराने पळालं, एकाने तर बायकोला "हे वारले" असं सांगायला लावलं. मुंगळा पायरीवर बसून राहिला आणि दुपारी जेवणाच्या वासाने मयत स्वतःच बाहेर आलं. "बजावणी झाली नाही" असा शेरा त्याने कधी लिहिलाच नव्हता.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एका बाईने लावलेल्या दाव्याचं समन्स त्याच्याकडे आलं. तिचा नवरा कोपऱ्यावर चाव्या बनवायला बसायचा. एका आंतरराष्ट्रीय संस्थेची गाडी मागे घेताना ड्रायव्हरने त्याला पाहिलं नाही; तो जागीच गेला. पोलिसांनी पंचनामा केला, पण संस्थेचा माणूस कामावर होता, त्याच्यावर खटला चालवता येत नाही, म्हणून कागद मिटवला. अपघाताला चार महिने झाले तेव्हा बाईने संस्थेवर दिवाणी दावा लावला.

"मला त्यांचं काही नको, भाऊ," ती कोर्टाच्या बाकावर म्हणाली. "कुणीतरी उभं राहून सांगावं, चूक आमची होती. तेवढंच."

"पोचवतो, ताई. माझ्या हातून कागद परत येत नाही."

संस्थेच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा धरला. "आत नाही सोडत. तुमच्या कोर्टाचं इथे चालत नाही."

"रस्ता आमचा, भिंत आमची, आणि आत काय चंद्र आहे का?"

"तसंच समजा, काका."

मुंगळा हटला नाही. फाटकाशेजारी टपालाची खिडकी होती. तिथली मुलगी पाकिटं घेऊन शिक्के मारत होती. त्याने रांगेत उभं राहून समन्स सरकवलं. तिने न वाचता शिक्का मारला. संध्याकाळी त्याने ऐटीत शेरा लिहिला: बजावणी झाली.

संस्थेकडून कुणीच हजर झालं नाही. तारखांमागून तारखा गेल्या आणि दीड वर्षाने न्यायाधीशांनी बाईच्या बाजूने एकतर्फी हुकूम दिला. बाईने सगळ्या कोर्टात पेढे वाटले. मुंगळ्याला दोन दिले.

महिन्याभरात परराष्ट्र खात्याचं पत्र आलं. संस्थेशी सरकारचा करार आहे. तिच्यावर इथल्या कोर्टात दावा चालत नाही, तिची मालमत्ता जप्त होत नाही. ती हजर राहिली नाही म्हणून हा हक्क जात नाही. तो तिने स्वतः स्पष्ट सोडला तरच जातो. आणि समन्स आवारात बजावता येत नाही, ते खात्यामार्फतच जावं लागतं.

न्यायाधीशांनी मुंगळ्याला बोलावलं. "कुणाच्या हातात दिलंत?"

संस्थेतल्या एखाद्या अधिकाऱ्याचं नाव सांगता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. "टपालाच्या खिडकीवर, साहेब. शिक्का आहे."

हुकूम रद्द झाला. बाहेर व्हरांड्यात बाईच्या वकीलबाई पत्राची पुरवणी वाचत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय आहे त्यात?" मुंगळ्याने विचारलं.

"संस्थेची स्वतःची समिती आहे. बाहेरच्या माणसाला इजा झाली तर तिथे अर्ज करायचा. सुनावणी होते, ड्रायव्हरला बोलावतात. मुदत अपघातापासून एक वर्ष."

"आणि आपल्याला..."

"वर्ष उलटून अकरा महिने झालेत. समन्स परत आलं असतं तर मी खात्याकडे गेले असते, त्यांनी हेच उत्तर पाठवलं असतं. मुदतीत." त्यांनी पुरवणी मिटली. "मीही चौकशी करायला हवी होती. शिक्का पाहिला आणि निर्धास्त झाले."

तरी त्यांनी अर्ज केला. उशीर का झाला, याचं प्रतिज्ञापत्र मुंगळ्याने स्वतः लिहून दिलं. सगळ्या नोकरीत पहिल्यांदा त्याने कागदावर लिहिलं, की मी चुकलो. समितीचं उत्तर पाच ओळींचं आलं. संस्थेला दुःख आहे, अर्ज मुदतीबाहेर आहे, या निर्णयावर अपील नाही. ड्रायव्हरची बदली दुसऱ्या देशात झाली होती.

उत्तर बाईला वाचून दाखवायला तोच गेला. त्याची बायको म्हणाली होती, "वकीलबाई सांगतील की, तुम्ही कशाला?" तो चपला घालून निघाला.

बाईने सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही त्या दिवशी कागद घेऊन परत आला असतात, तर तो माणूस माझ्यासमोर बसला असता?"

"हो, ताई. बहुतेक बसला असता."

तिने समितीच्या कागदाची घडी घालून तो पदराखाली ठेवला. रागावली असती तर त्याला सोसलं असतं.

"तुम्ही माझ्यासाठीच हट्ट केलात ना," ती म्हणाली.

मुंगळ्याला हो म्हणता आलं नाही. तो हट्ट कुणासाठी होता, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.