पोहोचल्यानंतरचा तास

घरोघरी जाऊन लोकांना चालतं करणाऱ्या या फिजिओथेरपिस्टना पेशंट ‘गुडघेवाल्या बाई’ म्हणतात. वय एकोणसाठ. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याच डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि यजमानांनी फर्मान काढलं: टेबल टेनिस बंद. बाईंनी त्याच आठवड्यात यजमानांची साखर बंद केली.

यजमान बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर. बाई गाडी काढताना नकाशाच्या ॲपमधून त्यांना प्रवास शेअर करतात. नकाशावर सरकणारा बाईंचा ठिपका, रस्ता, पोहोचण्याची वेळ, मोबाइलची बॅटरी, सगळं त्यांना दिसतं. मग संध्याकाळी जाब.

“सिग्नलनंतर डावीकडे का वळलीस? दोन मिनिटं गेली.”

“अहो, तुम्ही रिटायर झालात. ठिपक्याला तरी सुट्टी द्या.”

बाईंनी मात्र एक गोष्ट हेरली होती. ठरलेल्या ठिकाणी पोहोचलं की हे शेअरिंग आपोआप थांबतं. म्हणून गुरुवारी शेवटच्या पेशंटच्या दारापर्यंत ठिपका दिसे. पेशंट आटोपला की बाई काही शेअर न करता एका तीन मजली पार्किंगमध्ये गाडी लावत आणि वरच्या हॉलमध्ये तासभर खेळत. घरी निघताना पेशंटच्या दारावरून जात, तिथून पुन्हा शेअरिंग चालू. कंट्रोलरांच्या हिशेबी तो गुरुवारचा पेशंट फारच हट्टी गुडघ्याचा होता.

हा तास बाईंना काही झालं तरी सोडायचा नव्हता.

एका गुरुवारी खेळातली जोडीदारीण, एक ग्रंथपाल, म्हणाली, “माझी बॅट तुमच्या डिकीत राहिलीय. गाडी कुठाय?” बाईंनी पार्किंगची जागा ॲपमध्ये नोंदवून ठेवली होती. त्या जागेची पिन तिला पाठवायला शेअर दाबलं. यादीत सर्वांत वर नेहमीचं, यजमानांचं नाव होतं. बोट तिथेच पडलं.

लगेच फोन. “गाडी तिथे काय करतेय?”

“उभी आहे.”

“आणि तू?”

“ते पिनमध्ये दिसत नाही.”

“थांब. आलोच.”

बाई आपली बॅट डिकीत लपवायला धावत खाली आल्या. डिकी उघडतात तोच समोर कंट्रोलर हजर.

“गुडघ्याला पट्टा लावलाय,” बाईंनी आधीच सांगून टाकलं. मग घड्याळाकडे पाहिलं. “अहो, घर इथून पंचवीस मिनिटांवर. तुम्ही चार मिनिटांत कसे?”

कंट्रोलर खिशात रुमाल शोधू लागले.

“आणि मिशीला क्रीम कसलं?”

“कोपऱ्यावर बेकरी आहे,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “मी फक्त गुरुवारी येतो.”

“म्हणजे माझा ठिपका तुम्ही बेकरीत बसून बघता?”

“तू पोहोचलीस की मग ऑर्डर देतो. सुरक्षित वाटतं.”

“आता मलाही तुमचा ठिपका हवाय.”

“कशाला उगाच?” ते घाईने म्हणाले. “पोहोचेपर्यंतचं एकमेकांना कळलं की पुरे. पुढचं ज्याचं त्याने बघावं.”

बाईंनी डिकी बंद केली आणि दोन्ही बॅटा घेऊन वर गेल्या.

गुरुवारचा प्रवास अजूनही पेशंटच्या दारात संपतो. तो हट्टी गुडघा काही बरा झालेला नाही, आणि आताशा कंट्रोलर त्याची चौकशीही करत नाहीत.