रक्ताचं पाणी

सुजातानं कानामागचं मशीन काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि हात फ्रॉकच्या खिशात घातले. सांगून झालं होतं तिचं.

"आठ दिस झाले मॅडम, लावूनच न्हाई राहिली," तिची आई वंदनाताई म्हणाली. "मारलं न्हाई, रागावले न्हाई. काहून असं करून राहिली, काय कळंना."

मी हिंगोलीत स्पीच थेरपिस्ट आहे. ऐकू कमी येणाऱ्या मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवते. सुजाता नऊ वर्षांची, साखरा गावची. चौथ्या वर्षी तिला आमच्या सेंटरचं ऐकायचं मशीन मिळालं, वापरायला. वापर बंद झाला तर परत, हा नियम.

सेंटरच्या साहेबांचा फोन आलाच.

"जमा करून घ्या मॅडम. यादीत दुसरं लेकरू हाय."

"संध्याकाळपर्यंत थांबा."

"संध्याकाळी काय बदलणार?"

"न्हाई बदललं तर मीच आणून देते," म्हटलं, आणि फोन ठेवला.

दुपार होती. पंखा हळूहळू फिरत होता. मशीन नसलं की सुजाताभोवती सगळं शांत होतं, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं. तिच्यासोबत बसून मलाही तसंच वाटायला लागलं. बाहेर ऑटोचे हॉर्न वाजत होते, पण लांब कुठेतरी.

मी पाटीवर लिहिलं, "काहून?"

तिनं खडू घेतला. एक बाई काढली, कपाळाला टिकली, म्हणजे आई. बाईच्या हातात लाल खडूनं रक्त भरलं. मग बोटानं लाल पुसलं आणि निळा खडू फिरवला. शेवटी एक छोटंसं मशीन, आणि त्याच्यावर फुली.

मी बैठकांची वही उघडली.

ऐकणारी मुलं म्हणी आणि वाक्प्रचार कुणी न शिकवता शिकतात. आजी शेजारणीशी बोलते, पोरगं खेळता खेळता ऐकतं. सुजाताला असं काही वाऱ्यावरून मिळत नाही. प्रत्येक शब्द समोर बसवून द्यावा लागतो. म्हणून आमची पद्धत अशी. आधी शब्दशः चित्र काढायचं, पोट आणि त्यात कावळे. मुलं खूप हसतात. मग चित्रावर काट मारायची आणि विचारायचं, हे कोण म्हणतं? केव्हा म्हणतं? शेवटी मुलानं स्वतःचं वाक्य करायचं.

वहीत मागच्या बैठकीखाली माझंच अक्षर होतं. "पोटात कावळे ओरडणे, पूर्ण. डोळ्यात तेल घालणे, पूर्ण. रक्ताचं पाणी करणे, चित्र झालं. अर्थ पुढच्या वेळी."

पुढची वेळ सोयाबीनच्या काढणीत बुडाली होती.

"वंदनाताई, 'रक्ताचं पाणी' असं काही बोललात का घरात?"

"जावेला बोलले की. हिला बोलतं करण्यापायी रक्ताचं पाणी केलं म्हणून. पण ते तर..." ती थांबली. "त्याच दिवशी दवाखान्यात हिच्यासमोर माझं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणले, रक्त कमी हाय."

पोरीचा हिशोब बरोबर होता हो! अर्धवट माहितीवर एवढं नीट गणित मला जमलं नसतं. मशीन नसेल तर आईला दोन-दोन गाड्या बदलून यायला नको, रक्त वाचेल. लाज वाटली मला, स्वतःची.

पाटीवर पोट आणि कावळे काढले. "कावळे खरे?" लिहिलं.

ती फिसकन हसली. "न्हाई. भूक."

डोळा काढला, तेलाची बुधली काढली. "तेल खरं?"

"न्हाई. नीट बघायचं. लक्ष ठेवून."

मग तिनंच काढलेल्या बाईकडे बोट दाखवलं. "पाणी खरं?"

ती हसली नाही. आईच्या मनगटाकडे बघत राहिली.

मी त्या बाईवर काट मारली आणि वंदनाताईच्या हाती खडू दिला. "तुम्ही काय काय केलंत, ते काढा."

तिनं वेडीवाकडी एसटी काढली. चूल काढली, ऐकायचा सराव म्हणून चुलीमागे लपून वाटी वाजवणारी आई, आणि वळून बघणारी पोर. एकेक अक्षर हजारदा म्हणणारं तोंड काढलं. खाली मी लिहिलं, "खूप कष्ट केले. रक्ताचं पाणी खरं नाही."

वंदनाताईनं पिशवीतून लोहाच्या गोळ्या काढल्या. 'नीट जेवा' लिहिलेला दवाखान्याचा कागद दाखवला. मी लिहिलं, "रक्त कमी झालं कारण आई नीट जेवत नाही."

सुजातानं तीनदा वाचलं. मग मशीन उचललं, कानामागे बसवलं, बटण दाबलं आणि पंख्याकडे बघितलं. पंखा ऐकू आला असावा.

"आई," ती म्हणाली, "जेव. मी डोळ्यात तेल घालून बघीन."

वंदनाताई पदर तोंडाला लावून रडली. माझेही डोळे काही फार कोरडे नव्हते.

जाताना वंदनाताईनं दारातून विचारलं, "मॅडम, आता घरी काय बोलावं अन् काय न्हाई?"

"सगळं बोला. फक्त काट मारायला विसरू नका."

साहेबांना फोन केला, मशीन कानावर आहे म्हणून. तेव्हापासून माझ्या वहीत "अर्थ पुढच्या वेळी" हे शब्द नाहीत. वेळ कमी असला तर एक म्हण कमी शिकवते.