चोवीस नंबरची केबल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याहून बेंगळुरूला गेलो तो नेटवर्किंगचा कोर्स आणि भरपूर शिष्टपणा बरोबर घेऊन. पीण्या या तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केबल टाकायचं काम माझ्याकडे होतं. केबल ओढणारे आणि तिची टोकं बसवणारे अण्णा तिथलेच, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत राहिलेले मराठी. त्यांच्या मराठीची मी नक्कल करायचो, त्यांच्यासमोरच. ते हसायचे.

अण्णांची एक सवय होती. केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. अण्णा दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकीने लांबी काढायचे, मगच लेबल लावायचे. भिंतीतून जाणारी केबल नव्वद मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, हा नियम. त्यापुढे सिग्नल क्षीण होतो; मग मध्ये हब, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारा डबा, बसवावा लागतो.

"सर, चोवीस नंबर लई जास्त झालं. बीम चुकवून फिरवलं नव्हे? एकशे सतरा येतंय. मध्ये एक हब घाला."

दुसऱ्या दिवशी काम ताब्यात द्यायचं होतं. मी म्हटलं, "बघतो." आणि काय बघितलं? टेस्टरचं एक टोक, सगळ्या केबली जिथे येतात त्या पॅनेलवर तेवीस नंबरला, दुसरं तेविसाच्याच भिंतीवरच्या सॉकेटला, तसंच ठेवून पुन्हा बटण दाबलं आणि निकाल चोवीस नावाने साठवला. पास!

पंधरा दिवसांत तक्रार आली. चोवीस नंबरवरचा, स्टोअरमधला संगणक सारखा अडखळत होता. कारखान्याच्या मॅनेजरच्या हातात माझा रिपोर्ट होता. "टेस्टला पास, मग आता काय झालं?" त्यांनी विचारलं.

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणालो, "टोकं नीट बसवली नसतील." कुणी, ते सांगायची गरजच नव्हती.

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "सरी," कानडीत 'बरं', एवढंच म्हणाले. पॅनेलच्या मागे गेले, चोविसाच्या तारा उपसल्या आणि पुन्हा एकेक ठोकून बसवल्या. संगणक तरी अडखळतच राहिला. मॅनेजर म्हणाले, "उद्यापासून दुसरा माणूस पाठवा." मी मान डोलावली. मी तेव्हा तोंड का उघडलं नाही, याचं उत्तर मला माहीत आहे: मी भित्रा होतो.

पुढच्या आठवड्यात मी एकटा गेलो, मध्ये हब बसवून चोवीस नंबरचे गुपचूप दोन तुकडे करायला. पॅनेलचा मागचा भाग उघडला. चोविसाच्या केबलवर नंबराच्या लेबलाखाली आणखी एक लेबल होतं, अण्णांच्या वळणदार अक्षरात: "११७ मी. सरांना सांगितलं."

लेबल तक्रारीच्या आधीचंच होतं, कडेला धूळ धरलेलं. त्या दिवशी तारा ठोकताना ते त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं आणि मॅनेजर मागेच उभे होते. अण्णांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.