शुक्रवारी भरलेला चेक

दादा संत्रा बर्फीचा डबा घेऊन दुकानात आला. बर्फी पाहून घाबरणारा माणूस नागपुरात मी एकटाच असेन. पण त्याआधी महिनाभर दादा माझ्याशी धड बोलत नव्हता. फोन आला की रस्त्यावर जाऊन बोलायचा, मी गल्ल्यावर असलो की मान वर करून बघायचा नाही. आणि आता एकाएकी बर्फी, वर पाठीवर हात. "खा न गा, वाळून राहिला तू." एवढं गोड माणूस कधी बोलतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

धंतोलीत आमचं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. हातमोजे, सिरिंज, वॉकर, कमरेचे पट्टे. आजूबाजूला दवाखान्यांची रांग, त्यामुळे गिऱ्हाइकाची ददात नाही. बाबांच्या मागे दुकान आम्हा दोघा भावांचं झालं. दवाखान्यांकडून चेक गोळा करून बँकेत टाकायचे हे दादाचं काम, हिशेब माझा. बँकेत कॅश क्रेडिट खातं. म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत माल घ्यायला पैसे उचलायचे, वसुली आली की भरायचे, आणि जितके दिवस जितकी रक्कम उचललेली असेल तितकंच व्याज. ते महिनाअखेरीस बँक खात्यातूनच कापून घेते. सही दोघांपैकी कोणाचीही चालते. बाबांनी तशीच सोय करून ठेवली होती, भावाभावांत कशाला अविश्वास म्हणून.

गोष्ट दोन-तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा चेक वटायला मध्ये एक दिवस जायचा. आता म्हणे त्याच दिवशी वटतो.

मला व्याज स्वतः मोजून बघायची खोड आहे. मोबाइलवर खात्याचा उतारा काढायचा, रोजची बाकी मांडायची, दर लावायचा. त्या महिन्यात बँकेने कापलेलं व्याज माझ्या आकड्यापेक्षा चार हजारांनी जास्त निघालं. पुन्हा मोजलं. तेच. मागचा महिना काढला, तिथेही फरक. माझी आकडेमोड चुकत नाही असा माझा समज, आणि बँकेचं मशीन चुकत नाही असा सगळ्यांचा. मग उरलं काय? जेवढे पैसे उचललेले दिसतात त्याहून जास्त पैशांवर व्याज जातंय. म्हणजे दुकानाच्या नावावर आणखी कुठलं तरी कर्ज आहे आणि त्याचं व्याज याच खात्यातून चाललंय. मी काढलेलं नाही. सही करणारा दुसरा माणूस एकच.

दादाने मनीषनगरला प्लॉट बघितला होता हे मला वहिनीकडून कळलं होतं. त्याने सांगितलं नव्हतं.

मी खरंच घाबरलो. पैशाला घाबरलो असं म्हणालो तर खोटं होईल. लहानपणी ज्याच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत गेलो, तो माणूस मला फसवतोय, आणि उद्या हे मला त्याच्या तोंडावर बोलावं लागणार, याला घाबरलो. दुकान वाटून घ्यायचं म्हणजे मध्ये प्लायवूडची भिंत घालायची का, इथपर्यंत डोकं गेलं. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरंच झालं असतं असं वाटायचं. दादाची बर्फी तोंडात घोळवत मी हो-हो म्हणालो.

शेवटी एका सकाळी "रामटेकला सासऱ्यांकडे जाऊन येतो" अशी थाप मारून बँकेत गेलो. कर्जखाती बघणाऱ्या मॅडमसमोर बसलो. विचारायचं होतं, आमच्या दुकानावर दुसरं कर्ज आहे का. तोंडातून निघालं, "मॅडम, व्याज जास्त लागून राहिलं."

त्यांनी माझा कागद घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "हे तुम्ही कोणत्या तारखेनं मोजलं?"

"चेक जमा झाला त्या तारखेनं."

"ती नोंदीची तारीख आहे न भाऊ. व्याज व्हॅल्यू डेटनं लागते."

त्यांनी शाखेतला पूर्ण उतारा छापून समोर ठेवला. माझ्या मोबाइलवर तारखेचा एकच रकाना दिसायचा, इथे दोन होते. त्यांनी पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं. एका दवाखान्याचा नऊ लाखांचा चेक. नोंद शुक्रवारची, शेजारी व्हॅल्यू डेट मंगळवारची.

"शुक्रवारी तुमचा चेक दुपारी उशिरा आला. आम्ही नोंद त्याच दिवशी केली, पण क्लिअरिंगची वेळ टळली होती. दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी चेक पुढे गेला, मंगळवारी त्या बँकेकडून पैसे आले. पैसे आमच्या हाती आले तेव्हापासून तुमची उचल कमी धरली. तुम्ही शुक्रवारपासूनच कमी धरली."

मी मनातल्या मनात हिशेब केला. नऊ लाखांवर चार दिवसांचं व्याज, अकराशेला थोडं कमी. खाली असेच आणखी चेक होते, सगळे शुक्रवारचे. दादा आठवडाभर चेक गोळा करतो आणि शुक्रवारी जेवण झाल्यावर सगळे एकदम टाकतो, बाबाही तसंच करायचे. एकेका चेकमागे तीन-चार दिवस धरून बेरीज करत गेलो. फरक बरोब्बर मिटला.

"आणि तारखेचा फटका दर वेळी तुम्हालाच बसतो असं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी गेल्या वर्षीचा एक उतारा काढला. त्यात एका ओळीत उलटं होतं, नोंद वीस तारखेची आणि व्हॅल्यू डेट चौदाची. आमचे आलेले पैसे बँकेने चुकून दुसऱ्याच खात्यात टाकले होते. वीसला चूक दुरुस्त केली, पण व्याजाला तारीख मूळचीच दिली, म्हणून मधल्या दिवसांचा भुर्दंड आम्हाला पडला नाही.

"म्हणजे दुसरं कर्ज नाही?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

त्या हसल्या. "तुम्ही दोघं भाऊ घरी बोलत नाही का? हेच विचारायला तुमचे दादा मागच्या आठवड्यात आले होते. असाच कागद घेऊन. त्यांनाही हेच सांगितलं, शुक्रवारचे चेक सकाळी आणत जा."

हिशेब माझ्याकडे, तरी दादाने स्वतः व्याज मोजलं होतं. त्याच्याकडेही चार हजार जास्त निघाले होते. त्याच्या लेखीही सही करणारा दुसरा माणूस एकच होता. मी सारखा रामटेकला जातो, सासऱ्यांच्या शेजारचा धानाच्या शेतीचा तुकडा विकायला निघालाय, हे त्याला माहीत होतं. तो घ्यायला मीच कर्ज काढलं, असं त्याला वाटलं असणार. महिनाभराचा तो अबोला आता कळला. बर्फीही कळली, ती बँकेतून आल्यानंतरची होती. आणि इतके दिवस त्याला वाटत होती ती भीती माझ्या नावाची होती, हे कळल्यावर मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता. मला रडू येत होतं, आणि रागही, त्याचा की स्वतःचा ते ठरत नव्हतं.

परत येताना कोपऱ्यावरून कोथिंबीर ठासून भरलेली गरम सांबारवडी बांधून घेतली. दादाला जीव की प्राण. दुकानात त्याच्यापुढे पुडी ठेवली आणि म्हणालो, "खा न दादा, वाळून राहिला तू."

त्याने पुडी उघडली नाही. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गिऱ्हाईक वॉकरचा भाव विचारत होतं, त्याला दादाने हातानेच थांबायला सांगितलं.

"बँकेत गेलता काय गा?" त्याने हळूच विचारलं.

"हाव," मी म्हणालो.